खेळ मध्येच का अडखळतो? प्रोसेसर, पीसीआयई आणि यूएसबीची झोपमोड

गेल्या दिवाळीत नाशिकला बहिणीकडे गेलो होतो. भाच्याने घरात पाऊल टाकताच हात धरून कॉम्प्युटरसमोर बसवलं. "मामा, हे बघ. सगळं छान चालतं आणि मग मध्येच अडकतं. मी सगळं बंद करून पाहिलं, तरी अडकतंच." सगळं म्हणजे काय बंद केलंस, असं विचारल्यावर त्याने एक लांबलचक यादी दाखवली. प्रोसेसरच्या सी-स्टेट बंद, कोअर पार्किंग बंद, पीसीआयईची वीजबचत बंद, यूएसबीची वीजबचत बंद, शिवाय रजिस्ट्रीत दहाबारा ठिकाणी फेरफार. एवढं करूनही दर चार-सहा मिनिटांनी खेळ क्षणभर थिजायचा. भर म्हणजे आता पंखेही सतत घोंघावत होते.

यादी अगदीच निराधार नव्हती. वीजबचतीमुळे खेळ अडखळू शकतो हे खरं आहे. पण त्यातली कुठली बचत किती वेळ खाते याचा अंदाज नसेल तर आपण नको ते बंद करत बसतो आणि खरा गुन्हेगार मोकळा राहतो. हा अंदाज बांधायला एक सोपा प्रश्न पुरतो: झोपलेल्या भागाला जागं व्हायला किती वेळ लागतो, आणि आपल्या एका फ्रेमला किती वेळ मिळतो?

आधी फ्रेमचा हिशेब. ६० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झवर ६.९४. भाच्याचा पडदा १४४ हर्ट्झचा, म्हणजे सात मिलिसेकंदांच्या आत प्रोसेसरने हिशेब करून, ग्राफिक्स कार्डने चित्र काढून पुढच्या चित्राला लागायचं. एका मिलिसेकंदात हजार मायक्रोसेकंद असतात. पुढे मायक्रोसेकंद आणि मिलिसेकंद हे दोन शब्द सारखे येणार आहेत आणि त्यांच्यातला फरक हाच या विषयाचा गाभा आहे, म्हणून तो लक्षात असू द्या.

आता प्रोसेसर. कोअरला काम नसलं की तो नुसता बसून राहत नाही, झोपतो. झोपेच्या पायऱ्या असतात. सी-झिरो म्हणजे जागा आणि कामात. सी-वन म्हणजे बसल्या जागी डोळे मिटणं. सी-सिक्स म्हणजे अंथरूण घालून, दिवा मालवून झोपणं: कोअर आपली सगळी स्थिती बाजूला जपून ठेवतो आणि त्याचा वीजपुरवठा जवळपास तोडला जातो. झोप जितकी गाढ तितकी बचत जास्त, आणि जागं व्हायला लागणारा वेळही जास्त. इंटेलच्या स्कायलेक पिढीसाठी लिनक्स कर्नलमध्ये हे आकडे सरळ लिहून ठेवले आहेत: सी-वनमधून उठायला २ मायक्रोसेकंद, सी-सिक्समधून ८५, सी-एटमधून २००, आणि सगळ्यांत खोल सी-टेनमधून ८९०. लिनक्स वापरत असाल तर तुमच्या प्रोसेसरचे आकडे असे बघता येतात:

```
grep . /sys/devices/system/cpu/cpu0/cpuidle/state*/latency
```

८५ मायक्रोसेकंद हे ६.९४ मिलिसेकंदांच्या सव्वा टक्का. एकदा सी-सिक्समधून उठण्याने फ्रेम चुकत नाही. मग लोक सी-स्टेटच्या नावाने बोटं का मोडतात? कारण एका फ्रेममध्ये कोअर एकदाच उठत नाही. खेळाचा मुख्य धागा, म्हणजे त्याच्या कामांची मुख्य साखळी, एक काम दुसऱ्या कोअरला देतो आणि उत्तराची वाट बघतो, मग तिसऱ्याला देतो, पुन्हा थांबतो. अशी एकामागोमाग एक दहा कामं हवाली झाली आणि प्रत्येक वेळी समोरचा कोअर गाढ झोपेतच सापडला, तर ८५० मायक्रोसेकंद गेले. फ्रेमच्या बारा टक्क्यांच्या आसपास. काठावर चाललेली फ्रेम एवढ्याने चुकू शकते.

पण "प्रत्येक वेळी गाढ झोपेतच सापडला" हे फार क्वचित घडतं. ऑपरेटिंग सिस्टीम कोअरला झोपवण्याआधी अंदाज घेते की हा आता किती वेळ रिकामा राहील. मागच्या काही क्षणांत तो सारखा उठवला जात असेल तर ती त्याला हलकी डुलकीच घेऊ देते. शिवाय संपूर्ण चिपने मिळून घ्यायच्या ज्या सर्वांत खोल अवस्था आहेत, त्यांना सगळेच कोअर एकाच वेळी रिकामे लागतात. खेळ चालू असताना तशी वेळ जवळपास येतच नाही. त्यामुळे ठणठणीत डेस्कटॉपवर सी-स्टेट हा अडखळण्याचा पहिला संशयित मानू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उलट त्या बंद केल्याचा तोटा मात्र हमखास होतो. आजच्या प्रोसेसरची टर्बो गती शेजारचे कोअर झोपलेले असण्यावर अवलंबून असते. चार कोअर झोपले तर त्यांच्या वाटची वीज आणि उष्णतेची मुभा उरलेल्या दोघांना मिळते आणि ते वरच्या गतीला जातात. सगळ्यांना जबरदस्तीने जागं ठेवलं की कोणालाच वरची गती गाठता येत नाही. भाच्याने विंडोजमधली प्रोसेसर रिकामा बसण्याची सोयच बंद केली होती. टास्क मॅनेजर काहीही चालू नसताना शंभर टक्के वापर दाखवत होता आणि खेळाचे सरासरी फ्रेम आधीपेक्षा कमी झाले होते. अडखळणं तसंच होतं ते वेगळंच. मी पहिलं काम काय केलं असेल तर सगळे पॉवर प्लॅन मूळ स्थितीत आणले:

```
powercfg -restoredefaultschemes
```

या आदेशाने स्वतः बनवलेले प्लॅनही पुसले जातात, तेव्हा ते हवे असतील तर आधी `powercfg /export` ने जपून ठेवा. रजिस्ट्रीतले आणि बायोसमधले फेरफार मात्र याने परत जात नाहीत. ते त्याच्या यादीवरून एकेक करून हातानेच मागे घेतले.

प्रोसेसरच्या बाबतीत झोपेपेक्षा गतीचा प्रश्न खेळात जास्त जाणवतो, आणि तोही हलक्या खेळात. हे ऐकायला उलटं वाटतं, पण कारण साधं आहे. जड खेळ प्रोसेसरला सतत कामात ठेवतो, म्हणून गती वरच राहते. जुना किंवा ६० फ्रेमवर बांधलेला हलका खेळ प्रत्येक फ्रेमचं काम पाच मिलिसेकंदांत उरकतो आणि उरलेले अकरा स्वस्थ बसतो. सिस्टीमला वाटतं, वीस-तीस टक्केच काम आहे, गती कमी करू. मग अचानक स्फोट होतो, दहा शत्रू एकदम येतात, आणि गती पुन्हा वर चढेपर्यंतच्या फ्रेम लांबतात. जुन्या पद्धतीत गती ठरवायचं काम ऑपरेटिंग सिस्टीमकडे होतं आणि वर चढायला काही दशक मिलिसेकंद जायचे. इंटेलने २०१५ मध्ये स्कायलेकपासून स्पीड शिफ्ट आणलं, गती ठरवायचं काम प्रोसेसरनेच घेतलं, आणि हा वेळ बराच खाली आला. त्यामुळे `Minimum processor state` शंभर टक्क्यांवर नेण्याचा फायदा जुन्या यंत्रात दिसतो, नव्यात सहसा दिसत नाही.

कोअर पार्किंगबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. काही कोअर बाजूला काढून त्यांना कामच न देणं म्हणजे पार्किंग. बऱ्याच ठिकाणी ते सरसकट बंद करायचा सल्ला मिळतो. एएमडीच्या रायझन ९ ७९५०एक्स३डीसारख्या प्रोसेसरवर तो सल्ला चक्क नुकसान करतो. तिथे कोअरचे दोन गट असतात आणि जास्तीची कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट स्मृती, एकाच गटावर असते. खेळ सुरू झाला की विंडोज दुसऱ्या गटाला मुद्दाम पार्क करते, म्हणजे खेळ कॅशवाल्या गटावरच राहतो. पार्किंग बंद केलं की खेळाचे धागे दोन्ही गटांत पसरतात आणि आधी नसलेलं अडखळणं सुरू होतं.

प्रोसेसर झाला. आता त्याला बाकीच्या सुट्या भागांशी जोडणारे रस्ते. ग्राफिक्स कार्ड, एनव्हीएमई डिस्क, वाय-फाय कार्ड हे पीसीआय एक्सप्रेसच्या रस्त्यावर बसतात. रस्त्यावर रहदारी नसली तर दोन्ही टोकांचे दिवे मालवायचे, याला लिंक स्टेट मॅनेजमेंट म्हणतात. विंडोजच्या प्रगत पॉवर ऑप्शन्समध्ये ते `PCI Express` खाली `Link State Power Management` या नावाने दिसतं आणि त्यात तीन पर्याय असतात: बंद, मध्यम बचत, कमाल बचत. इथेही हलकी डुलकी आणि गाढ झोप असे प्रकार आहेत, एल-झिरो-एस आणि एल-वन. हलक्यातून रस्ता साधारण एक ते चार मायक्रोसेकंदांच्या आतबाहेर उघडतो. एल-वनसाठी उपकरणाने जाहीर करायच्या वेळेच्या पायऱ्या एका मायक्रोसेकंदाच्या आतपासून चौसष्टच्या वरपर्यंत जातात.

म्हणजे इथेही हिशेब मायक्रोसेकंदांतच आहे. खेळ चालू असताना ग्राफिक्स कार्डाचा रस्ता तर अखंड वाहता असतो, त्याला झोपायला सवडच मिळत नाही. (काही जण मोजमापाच्या प्रोग्रॅममध्ये कार्डाचा पीसीआयई वेग रिकाम्या वेळी पहिल्या पिढीइतका उतरलेला बघून घाबरतात. तो कार्डाचा स्वतःचा बचतीचा मार्ग आहे, लिंक स्टेटशी त्याचा संबंध नाही, आणि खेळ सुरू होताच वेग परत चढतो.)

अडचण येते ती उपकरण कागदावर लिहिल्याप्रमाणे उठत नसेल तेव्हा. एखादं वाय-फाय कार्ड किंवा डिस्क एल-वनमधून नीट जागी होत नाही, दुवा चुका करतो, पुन्हा सावरतो, आणि या सावरण्यात मायक्रोसेकंदांचे मिलिसेकंद होतात. विंडोजला असं काही हार्डवेअर आधीच माहीत असेल तर ती त्यावर ही बचत आपोआप बंद ठेवते. तुमच्या यंत्रात काय स्थिती आहे ते खालचा आदेश प्रशासकाच्या खिडकीत चालवून बघता येतं. साठ सेकंद निरीक्षण करून तो `energy-report.html` नावाची फाइल बनवतो आणि कुठलं यूएसबी उपकरण झोपत नाही, पीसीआयईची बचत का बंद आहे, हे त्यात लिहिलेलं असतं.

```
powercfg /energy /duration 60
```

वाय-फाय कार्डाचा त्रास ओळखायची एक खूण आहे. चित्र गुळगुळीत हलत राहतं पण तुमचा खेळाडू मागे खेचला जातो, समोरचा माणूस एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारतो. तिथे फ्रेमचा वेळ बिघडलेला नसतो, नेटवर्कची पाकिटं उशिरा आलेली असतात. अशा वेळी लिंक स्टेट बंद करून बघणं योग्य आहे, पण केबल लावून बघणं त्याहून सोपं आणि जास्त निर्णायक आहे.

आता साटाच्या वायरीने जोडलेल्या डिस्का. आकड्यांची उडी इथे सुरू होते. साटाच्या दुव्याला दोन झोपा असतात. पहिलीतून उठायला जास्तीत जास्त १० मायक्रोसेकंद, दुसरीतून जास्तीत जास्त १० मिलिसेकंद. हजारपट. दहा मिलिसेकंद म्हणजे १४४ हर्ट्झची एक अख्खी फ्रेम आणि वर दुसरीचा निम्मा भाग. खेळाने त्या क्षणी डिस्कवरून पृष्ठभागाचं एखादं चित्र किंवा आवाज मागितला आणि तो येईपर्यंत मुख्य धागा थांबला, तर झटका डोळ्यांना दिसतो. चांगले खेळ डिस्कची कामं वेगळ्या धाग्यावर करतात म्हणून बहुतेकदा वाचतात. सगळेच तसे नसतात. विंडोजमध्ये ही सेटिंग लपवलेली असते, ती अशी उघडी करता येते:

```
powercfg /attributes SUB_DISK 0b2d69d7-a2a1-449c-9680-f91c70521c60 -ATTRIB_HIDE
```

मग पॉवर ऑप्शन्सच्या हार्ड डिस्क भागात `AHCI Link Power Management` दिसू लागतं आणि तिथे `Active` निवडलं की दुवा जागा राहतो.

आणि फिरत्या तबकडीची दुसरी हार्ड डिस्क असेल, जिच्यावर खेळ किंवा त्याचे रेकॉर्डिंग ठेवलेले आहेत, तर तिच्याकडे आधी बघा. बॅलन्स्ड प्लॅनमध्ये वीस मिनिटं कोणी हात लावला नाही की तबकडी थांबते आणि पुन्हा वेग घ्यायला तिला काही सेकंद लागतात. मिलिसेकंद नव्हे, सेकंद. "अर्ध्या तासाने एकदा खेळ तीन-चार सेकंद गोठतो" ही तक्रार ऐकली की मी दुसरं काही विचारण्याआधी डिस्क कुठली ते विचारतो. उपाय एका ओळीचा:

```
powercfg /change disk-timeout-ac 0
```

आता यूएसबी. भाच्याची गोष्ट इथेच सुटली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

यूएसबीवर तीन मिलिसेकंद काहीच हालचाल दिसली नाही की उपकरणाने झोपेत जायचं असा नियम आहे. सिलेक्टिव्ह सस्पेंड म्हणजे विंडोजने संपूर्ण कॉम्प्युटर न झोपवता फक्त एखाद्या रिकाम्या उपकरणाची वाट अशी शांत करणं. परत उठवताना कॉम्प्युटरने किमान २० मिलिसेकंद उठण्याचा संकेत धरून ठेवायचा असतो आणि त्यानंतर उपकरणाला सावरायला आणखी १० द्यायचे असतात. हा यूएसबी २ चा नियम आहे, आणि माऊस, कीबोर्ड, गेमपॅड, हेडसेट, कॅमेरे यांतले बहुतेक अजून त्याच वाटेने बोलतात. बेरीज ३० मिलिसेकंद. १४४ हर्ट्झवर चार फ्रेमहून जास्त. सगळं व्यवस्थित चाललेलं असतानाचा हा वेळ आहे, बिघाडाचा नाही.

मग यूएसबी सस्पेंड चालू असला की प्रत्येकाचा खेळ अडखळायला हवा. तसं होत नाही, कारण खेळताना तुम्ही वापरत असलेलं उपकरण झोपतच नाही. माऊस हलतो आहे, हेडसेटमध्ये आवाज चालू आहे, त्या वाटा जाग्या आहेत. शिवाय माऊस झोपला तर उठतानाची पहिली हालचाल हरवते हे सगळ्यांनाच माहीत आहे, म्हणून उत्पादकाने तशी मुभा दिलेली असेल तरच विंडोज साधारणपणे माऊस-कीबोर्ड झोपवते. त्रास होऊ शकतो तो बाजूला ठेवलेल्या गेमपॅडचा किंवा स्टिअरिंग व्हीलचा: कथेचा प्रसंग चालू असताना दोन मिनिटं हात लावला नाही आणि पुन्हा पकडलं की पहिला दाब गेलाच नाही असं वाटतं. तेव्हा चित्र मात्र थांबत नाही. फ्रेमच्या आलेखात काहीही दिसत नाही, फक्त हाताला उशीर कळतो. चित्र थांबलं की हात थांबला, हे आधी वेगळं करा, अर्धं निदान तिथेच होतं.

भाच्याचं चित्र थांबत होतं. प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ नोंदवणारा `CapFrameX` लावून वीस मिनिटं खेळायला सांगितलं. आलेख बघितला तर फ्रेमची रेषा सात मिलिसेकंदांवर सपाट, आणि मध्ये चार उभे सुळके. प्रत्येक सुळका दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास. सरासरी फ्रेमच्या आकड्यात याचा पत्ताही लागत नव्हता, आणि म्हणूनच तो इतके दिवस चुकीच्या आकड्याकडे बघत होता.

दोनशे मिलिसेकंद हा आकडा बघूनच प्रोसेसर आणि पीसीआयई यादीतून गळाले. मायक्रोसेकंदांच्या झोपा कितीही जोडल्या तरी एका फ्रेमला दोनशे मिलिसेकंद लागत नाहीत. फिरती डिस्क त्याच्याकडे नव्हती. पण यूएसबीच्या झोपेचेही तीसच होतात. मग दोनशे कुठून आले?

उत्तर असं की काही उपकरणं झोपेतून नीट उठत नाहीत. कॉम्प्युटर हाक मारतो, उपकरण ओ देत नाही, तेव्हा कॉम्प्युटर ते पोर्ट रीसेट करतो आणि उपकरणाची नव्याने ओळख करून घेतो. विंडोजच्या दृष्टीने हे उपकरण उपटून पुन्हा लावल्यासारखंच. आणि नवीन उपकरण आलं ही बातमी सगळ्या चालू प्रोग्रॅमना जाते, खेळालाही. अनेक खेळ ती बातमी मिळताच "नवा गेमपॅड लावला का?" हे बघायला सगळी उपकरणं पुन्हा मोजतात, आणि काही खेळ ही मोजणी मुख्य धाग्यावरच करतात. ती संपेपर्यंत चित्र थांबतं. उपकरण खेळाशी संबंधित असायची गरजच नाही. टेबलावरचं कुठलंही उपकरण ही बातमी पाठवू शकतं.

हे तपासायला `USBLogView` हा छोटा प्रोग्रॅम पुरतो. तो मागे चालू ठेवला की कुठलं उपकरण किती वाजता निघालं आणि किती वाजता आलं याची नोंद करत राहतो. भाच्याला पुन्हा खेळायला बसवलं, आणि पंधरा मिनिटांनी दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या. पडद्याच्या डोक्यावर बसवलेला वेबकॅम तीन वेळा निघून परत आला होता आणि तिन्ही वेळा सेकंदाला सेकंद जुळवून खेळ थिजला होता. खेळात कॅमेरा कोणी वापरत नव्हतं. पण कॅमेऱ्यासोबत आलेला एक प्रोग्रॅम मागे चालू होता आणि दर काही मिनिटांनी कॅमेऱ्याची चौकशी करायचा. रिकामा म्हणून कॅमेरा झोपायचा, चौकशीने उठवला जायचा, आणि उठताना कोसळायचा.

"पण मामा, मी यूएसबीची बचत बंद केली होती की!" भाचा म्हणाला. प्लॅन मूळ स्थितीत आणण्याआधी मी त्याच्या जुन्या सेटिंगचे फोटो काढून ठेवले होते, ते उघडले. त्याने एक नवा प्लॅन बनवून त्यात बचत बंद केली होती, पण एका प्रोग्रॅमने मधल्या काळात प्लॅन बदलून पुन्हा बॅलन्स्ड केला होता. चालू प्लॅन कुठला आहे ते `powercfg /getactivescheme` ने बघून मगच काही बदलावं. ही चूक मी स्वतः बऱ्याचदा पाहिली आहे. विजेवर चालताना यूएसबीची बचत चालू प्लॅनमध्ये बंद करायचे आदेश असे:

```
powercfg /setacvalueindex SCHEME_CURRENT 2a737441-1930-4402-8d77-b2bebba308a3 48e6b7a6-50f5-4782-a5d4-53bb8f07e226 0
powercfg /setactive SCHEME_CURRENT
```

दुसरी ओळ विसरलात तर बदल लिहिला जातो पण लागू होत नाही. हेच काम पॉवर ऑप्शन्समधल्या `USB selective suspend setting` मधूनही होतं. काही नव्या लॅपटॉपवर मात्र ती यादीच फार छोटी असते, कारण त्यांची झोपेची पद्धत वेगळी आहे. तिथे उपकरण ज्या यूएसबी हबवर आहे त्याच्या गुणधर्मांत डिव्हाइस मॅनेजरमधून जाऊन `Allow the computer to turn off this device to save power` समोरची खूण काढावी.

बदल केल्यावर तो पाऊण तास खेळला. एकही सुळका आला नाही. एवढ्यावर थांबता आलं असतं, पण मला एक शंका होती. बचत पुन्हा चालू केली आणि कॅमेरा कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टमध्ये थेट लावला. तोपर्यंत तो एका लांब एक्स्टेन्शन वायरीच्या टोकाला, स्वतःचा वीजपुरवठा नसलेल्या स्वस्त हबवर होता. परत पाऊण तास खेळ. तरीही सुळका नाही. म्हणजे झोप हे फक्त निमित्त होतं. उठताना कॅमेरा एकदम जास्त वीज ओढत असावा, आणि वायर आणि हब मिळून ती देऊ शकत नसावेत असा माझा अंदाज आहे. बचत बंद केल्याने ती वेळच यायची नाही, म्हणून तोही उपाय लागू पडला. पण तो हब तसाच राहिला असता तर उद्या त्याच्यावर लावलेली पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क मध्येच निघाली असती, आणि त्यात माहिती गेली असती.

असाच एक धडा मोठ्या प्रमाणावरही घडून गेला आहे. एएमडीच्या ५०० मालिकेच्या मदरबोर्डांवर यूएसबी उपकरणं मध्येच तुटतात हे कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये मान्य केलं आणि बायोसमधल्या अजेसा १.२.०.२ या आवृत्तीतून त्यावर दुरुस्ती दिली. पुढच्या वर्षी काही रायझन यंत्रांवर दर थोड्या वेळाने येणाऱ्या झटक्यांचं मूळ सापडलं ते फर्मवेअरमधल्या टीपीएममध्ये, म्हणजे सुरक्षेच्या चाव्या सांभाळणाऱ्या भागात: तो मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपशी बोलताना सगळं यंत्र क्षणभर थांबायचं. त्यावर कंपनीने मार्च २०२२ मध्ये खुलासा दिला आणि नवं बायोस आलं. दोन्ही वेळा लोक आठवडेच्या आठवडे पॉवर प्लॅनशी झुंजत होते. म्हणून झटका नियमित येत असेल आणि `USBLogView` मध्ये काहीच नोंद होत नसेल, तर पुढची पायरी बायोसची तारीख बघण्याची आहे.

भाच्याचं यंत्र आता बॅलन्स्ड प्लॅनवर आहे, सी-स्टेट चालू, लिंक स्टेट जसं होतं तसं, यूएसबीची बचतही चालू. कॅमेरा मागच्या पोर्टमध्ये आहे आणि त्याच्यासोबतचा प्रोग्रॅम काढून टाकला. भाऊबीजेच्या दिवशी सकाळी तो उठला तेव्हा त्याने पहिल्यांदा पंखे ऐकले, म्हणजे ऐकू आले नाहीत असं त्याने मला येऊन सांगितलं.